पाठीवरचे मेणचट डाग आणि तळपायावरचा काळा ठिपका

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पाठीवर तपकिरी, काळपट, थोडे उंचवट्याचे डाग दिसले की घरात दोन मते पडतात. एकजण म्हणतो, "वयाचे आहे, लक्ष देऊ नका." दुसऱ्याच्या मनात कॅन्सरचा शब्द येतो, पण तो उच्चारायला घाबरतो. बहुतेक वेळा पहिल्याचेच म्हणणे खरे ठरते. मात्र ते का खरे आहे आणि कधी खरे नाही, हे त्याला सांगता येत नाही. "वयाचे आहे" हे वाक्य मग पाठीवरच्या निरुपद्रवी डागाला लावले जाते, तसेच तळपायावरच्या घातक डागालाही लावले जाते. म्हणून हे दोन डाग वेगळे कसे ओळखायचे, एवढ्याच गोष्टीवर आज बोलू.

पाठीवरच्या या डागांचे वैद्यकीय नाव सेबोऱ्हिक केराटोसिस. नावावरून तेलग्रंथींशी काही संबंध असावा असे वाटते, पण तसा काही नाही. डाग तेलकट दिसतो म्हणून जुन्या डॉक्टरांनी ते नाव दिले आणि ते तसेच राहिले. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा जो पातळ थर असतो, त्यातल्या पेशी एखाद्या ठिकाणी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि एकावर एक साचतात. वाढ खाली न जाता वर होते. डागाचा तळ आजूबाजूच्या त्वचेच्या पातळीवरच राहतो. म्हणूनच तो आतून उगवल्यासारखा न दिसता कुणीतरी वरून चिकटवल्यासारखा दिसतो. मेणबत्तीचा थेंब फरशीवर पडून थिजावा, तसा. नखाने कड उचलली तर निघून येईल असे वाटते. अनेकजण तसा प्रयत्न करतातही. थोडा चुरा निघतो आणि काही आठवड्यांनी डाग पुन्हा पहिल्यासारखा होतो.

सुरुवात बहुधा चाळिशी-पन्नाशीत होते. आधी एक सपाट, फिकट तपकिरी ठिपका येतो. तो सावकाश, वर्षानुवर्षे वाढतो, जाड होतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. मोहरीएवढा राहील किंवा रुपयाच्या नाण्याएवढाही होईल. रंग गव्हाळ, तपकिरी, करडा, अगदी कुळकुळीत काळाही असू शकतो. एकाच पाठीवर हे सगळे रंग एकत्र सापडतात. जवळून पाहिले तर पृष्ठभागावर रव्याच्या कणासारखे पांढुरके दाणे आणि काळी बारीक छिद्रे दिसतात. पाठीवर डाग बरेच असतील तर ते बरगड्यांच्या दिशेने तिरक्या रांगांत बसलेले दिसतात, कारण ते त्वचेच्या नैसर्गिक रेषांना धरून येतात. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या गालांवर आणि मानेवर काळे, टाचणीच्या डोक्याएवढे बारीक दाणे असतात. लोक त्यांना तीळ किंवा मस म्हणतात. तेही याच कुळातले, फक्त आकाराने लहान.

हे डाग संसर्गाने पसरत नाहीत. नातवंडे आजोबांच्या पाठीवर बसली, एकच टॉवेल वापरला, तरी काही होत नाही. इथे चामखीळ आणि हा डाग यांतला फरक लक्षात घ्यावा. चामखीळ विषाणूमुळे होते, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त दिसते, आणि पुष्कळदा काही महिन्यांनी किंवा एक-दोन वर्षांनी आपोआप जाते. शरीराची प्रतिकारशक्ती त्या विषाणूला ओळखते आणि चामखीळ गळून पडते. चामखीळ "उतरवून देणाऱ्या" बुवांचा धंदा याच गोष्टीवर चालतो. जी गोष्ट आपोआप जाणार होती ती मंत्रानंतर गेली, म्हणून मंत्राला श्रेय. पाठीवरच्या मेणचट डागांना मात्र कसलाही विषाणू नाही आणि ते सहसा आपोआप जात नाहीत. इथे बुवाचे चालत नाही. मग तो चुना-सोडा, ॲसिड किंवा बिब्बा लावायला सांगतो. बिब्ब्याने कातडी किती भाजते आणि फोड कसे येतात हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. डाग निरुपद्रवी होता, पण जखम पिकते आणि कायमचा व्रण राहतो. मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

आमच्यापैकी कुणाही त्वचेच्या डॉक्टरच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी घडेल असा एक प्रसंग सांगतो. एकाहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक पत्नीसोबत आले. मुलाने आंघोळीच्या वेळी पाठ पाहिली आणि तो घाबरला होता. पाठीवर वीसएक डाग होते. त्यातला खांद्याच्या पात्याजवळचा एक डाग बनियनवर रक्त लावत होता. गुरुजी दोन रात्री झोपले नव्हते.

डाग तपासायला आमच्याकडे डर्मोस्कोप नावाचे छोटे उपकरण असते. भिंग आणि दिवा एकत्र. ते डाग दहापट मोठा करून दाखवते आणि त्वचेवरची चमक घालवून थोडे आतलेही दाखवते. वीसपैकी एकोणीस डागांत ते पांढरे दाणे आणि काळी छिद्रे स्पष्ट दिसली. कडा ठळक, जणू पेन्सिलने आखलेल्या. निदान तिथेच झाले. रक्त येणाऱ्या डागाच्या कडेला तसेच दाणे होते, पण मधोमध खपली होती आणि आजूबाजूला लाली. विचारल्यावर कळले की खाज येते म्हणून गुरुजी दरवाजाच्या कडेला पाठ घासत. घासल्याने, कपड्याच्या शिवणीत अडकल्याने असे डाग सुजतात, रक्त येते, खपली धरते, आणि मग ते कॅन्सरसारखे दिसायला लागतात. अशा वेळी दोन रस्ते असतात. घासणे थांबवून दोन-तीन आठवड्यांनी खपली पडल्यावर पुन्हा पाहायचे, किंवा डाग काढून तपासणीला पाठवायचा. खपलीखालचे काही दिसत नव्हते आणि माणूस काळजीत होता, म्हणून दुसरा रस्ता घेतला. भूल देऊन डाग त्वचेच्या पातळीवर खरवडून काढला, टाका लागला नाही, आणि तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवला. आठवड्याने अहवाल आला: चिडलेला सेबोऱ्हिक केराटोसिस. बाकीच्या एकोणीस डागांना हातही लावला नाही.

गुरुजींची तपासणी चालू असताना बाई एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. बसा म्हटल्यावर म्हणाल्या, "मला काही नाही हो, टाचेला जुनं कुरूप आहे." चप्पल काढायला त्या तयार नव्हत्या. गुरुजींनीच आग्रह केला. टाचेच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग होता. दोन वर्षांपूर्वी तो मोहरीएवढा होता. त्यांनी त्याला मेडिकलमधून आणलेली कुरूपाची पट्टी लावली होती, ब्लेडने वरची कातडी तासली होती. दुखत नव्हता, म्हणून कुणाला सांगितले नव्हते. डागाची एक बाजू गोल, तर दुसरी नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. अर्धा भाग काळा, अर्धा करडा-तपकिरी. त्याच दिवशी बायोप्सी घेतली. तो मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

या दोघांच्या डागांमधला फरक समजण्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाठीवर येणारा तो मेणचट डाग शरीरावर जवळजवळ कुठेही येऊ शकतो, पण तळहात आणि तळपाय सोडून. तळपायावर तो येत नाही. म्हणजे साठीच्या माणसाच्या तळव्यावर नवा काळा डाग आला तर "पाठीवर आहे तसलाच असेल" हे उत्तर तिथे चालतच नाही. आणि दुर्दैवाने आपल्यासारख्या गडद वर्णाच्या लोकांत मेलानोमा नेमका तिथेच यायला बघतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर, उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी जास्त होतो. इंग्रजी पुस्तकांतली आणि व्हॉट्सॲपवरची चित्रे त्यांच्याच पाठींची असतात. ती पाहून आपली माणसे स्वतःची पाठ तपासतात आणि तळवा विसरतात. आपल्याकडे मेलानोमा एकूणच विरळा आहे, पण तो उशिरा सापडतो. कारण चालताना तळवा कुणाला दिसत नाही आणि डाग दुखत नाही.

गायक बॉब मार्ली यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. 1977 मध्ये त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा असल्याचे कळले. तोवर ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली जात होती. 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. तेव्हा नखाखालच्या काळेपणाबद्दलही एक साधी कसोटी देतो. मार लागून नखाखाली रक्त साकळले असेल तर ते नख वाढेल तसे पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. पायाच्या अंगठ्याचे नख फार हळू वाढते, महिन्याला दीडेक मिलिमीटर, म्हणून दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. पण काळी रेषा मुळापासून टोकापर्यंत तशीच उभी राहिली, रुंद होत गेली, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर थांबू नये. अनेक नखांवर बारीक तपकिरी रेषा असणे मात्र आपल्या वर्णाच्या लोकांत नेहमीचे आहे. एकाच नखावर, उतारवयात नव्याने आलेली रेषा ही वेगळी गोष्ट.

मेलानोमा घातक का, याचेही उत्तर वाढीच्या दिशेत आहे. पाठीवरचा डाग वरच्या बाजूला साचतो, मेलानोमा काही काळ आडवा पसरतो आणि मग खाली शिरतो. खाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या आहेत. तिथे पोचला की जांघेतल्या गाठींत आणि पुढे शरीरात जायचा रस्ता मोकळा. म्हणून अहवालात आम्ही सर्वांत आधी एक आकडा बघतो: खोली किती मिलिमीटर. बाईंची खोली 0.7 मिलिमीटर होती. एक मिलिमीटरच्या आत सापडलेला मेलानोमा बहुतेक वेळा फक्त शस्त्रक्रियेने बरा होतो. त्यांच्या टाचेवरचा डाग भोवतालच्या एक सेंटिमीटर निरोगी कातडीसह काढला आणि मांडीची कातडी घेऊन जागा झाकली. पाय कापावा लागला नाही, केमोथेरपी लागली नाही. आता ठरावीक महिन्यांनी त्या तपासणीला येतात, जांघेत गाठ नाही ना हे पाहिले जाते. दोन वर्षे कुरूप समजून तासत बसल्या होत्या, आणखी दोन वर्षे बसल्या असत्या तर हा आकडा वेगळा असता.

बायोप्सीचे नाव काढल्यावर त्याही म्हणाल्या होत्या, "हत्यार लावलं की पसरतं म्हणतात." हा समज फार खोल रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. त्वचेचा छोटा तुकडा तपासणीला घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो तो वेळ गेल्याने. हा समज कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो: उशिरा आलेला रोगी बायोप्सीनंतर काही महिन्यांत दगावतो, आणि घरच्यांना लक्षात राहते ते हत्यार.

पाठीकडे परत येऊ, कारण तिथेही सगळेच डाग निर्धास्त नसतात. अनेक डाग असतील तर ते एकमेकांचे भाऊबंद दिसायला हवेत. त्यात एखादाच परका दिसतो का, हे बघावे: बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढणारा, खडबडीत न राहता गुळगुळीत चकचकीत असलेला, कड पुसट किंवा वेडीवाकडी असलेला, न घासताही रक्त येणारा. काळा, मोत्यासारखी झाक असलेला, कड उचललेला आणि मध्ये खळगा पडून खपली धरणारा डाग, विशेषतः नाकाजवळ, पापणीवर, गालावर, हा बेसल सेल प्रकारचा कॅन्सर असू शकतो. गोऱ्या लोकांत तो गुलाबी असतो, आपल्यात बहुधा काळा असतो. म्हणून तीळ समजून सोडला जातो. तो सहसा शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी नाक-पापणी खात जातो.

कमरेवर आणखी एक जागा आहे. साडीच्या परकराची नाडी किंवा धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी करकचून बांधली की तिथली कातडी काळवंडते, जाड होते. नुसता काळा पट्टा धोक्याचा नाही. पण त्या पट्ट्यावर जखम झाली आणि ती महिना-दीड महिन्यात भरली नाही, किंवा तिथे फुलकोबीसारखा मांसल उंचवटा आला, तर त्याची बायोप्सी हवी. धोतराच्या या कॅन्सरचे वर्णन मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 सालीच केले होते. पुढे साडीच्या बाबतीतही तेच दिसून आले. रुंद पट्ट्याची नाडी आणि बांधायची जागा रोज थोडी वरखाली करणे हा साधा उपाय आहे. आमच्या आयाबहिणींना तो कुणी सांगत नाही.

एक दुर्मीळ गोष्ट थोडक्यात. हे मेणचट डाग वर्षानुवर्षे एक-एक करत वाढतात. पण काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत अचानक डझनांनी आले, खूप खाज सुटली आणि त्याच काळात भूक मंदावली, वजन घटले, तर पोटाची तपासणी करून घ्यावी. कधीकधी जठराच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरसोबत असे होते. डाग तेव्हाही निरुपद्रवीच असतात, काळजी असते ती घटलेल्या वजनाची.

घरी बघायची पद्धत अशी. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, घरातल्या कुणीतरी पाठीचा एक पूर्ण फोटो मोबाईलवर काढावा, आणि शंका असलेल्या डागाशेजारी मोजपट्टी किंवा नाणे धरून जवळून एक. तारीख मोबाईल स्वतःच ठेवतो. तीन महिन्यांनी त्याच जागी, तसाच उजेड असताना पुन्हा काढावा. "वाढलाय असं वाटतं" यापेक्षा दोन फोटो डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. वर उल्लेखलेली लक्षणे असतील तर मात्र तीन महिने थांबायचे नाही. पाठ झाली की त्याच वेळी दोन्ही तळपाय, बोटांमधल्या जागा आणि नखे पाहावीत. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांना तळवा पाहण्यासाठी जमिनीवर छोटा आरसा ठेवून त्यावर पाय धरता येतो. मधुमेह असणाऱ्यांना हे तसेही रोज करायचेच असते.

निरुपद्रवी डाग काढायचेच असतील, म्हणजे कपड्यात अडकतात, खाजतात किंवा नकोसे वाटतात, तर ते काढता येतात. औषधाच्या गोळ्यांनी किंवा मलमाच्या ट्यूबने ते जात नाहीत, त्यावर पैसे घालवू नयेत. बारीक डाग विजेच्या सुईने हलके जाळतात, जाड डाग भूल देऊन खरवडतात. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही आहे, पण त्या थंडीने रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि गडद कातडीवर पांढरा ठिपका राहू शकतो. चेहऱ्यावर ती करण्याआधी डॉक्टरांना हे जरूर विचारावे. आणि एक गोष्ट आग्रहाने: ब्यूटी पार्लरमध्ये किंवा जत्रेत तीळ काढणाऱ्याकडून काळा डाग जाळून घेऊ नये. जाळला की तपासायला तुकडाच उरत नाही. डाग मेलानोमा असेल तर वरचा भाग जातो, खालचा वाढत राहतो, आणि सहा महिन्यांनी जांघेत किंवा काखेत गाठ आल्यावर तो काय होता हे सांगायला काहीच हातात नसते. डॉक्टरने काढलेल्या डागाबाबतही थोडी शंका असेल तर "हे तपासायला पाठवणार का?" असे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

काढलेल्या जागी काही आठवडे लालसर किंवा गडद खूण राहते आणि हळूहळू फिकी होते. पुढच्या वर्षी शेजारी दुसरा डाग आला तर तो जुना परत आला असे समजू नये. तो नवा असतो.